तुर्कीतला 'मा': नवा शब्द की क्रियापदाचंच रूप?

तुर्कीत शब्द वाढतो तो एकापुढे एक प्रत्यय जोडून. 'काझ' म्हणजे खणणे. त्याला 'मा' लावला की 'काझ्मा' हे नाम होतं. पुढे 'त्याचा' या अर्थाचा 'सि' आणि शेवटी द्वितीयेचा 'नि': काझ्मासिनि.

आता दोन वाक्यं ऐका.

अलीनिन एस्की काझ्मासिनि आल्दिम. मी अलीची जुनी कुदळ घेतली.

अलीनिन बाहचेयी हिझला काझ्मासिनि इस्तियोरुम. अलीने बाग भराभर खणावी, अशी माझी इच्छा आहे.

दोन्हींकडे प्रत्यय तेच, क्रमही तोच. शब्दाची जात बदलली की तो साधित शब्द, आणि जात तीच राहून विभक्ती किंवा वचन बदललं की तो विकार, असं आपण शिकतो. या नियमाने दोन्ही 'काझ्मा' साधितच ठरतात. पण दुसऱ्या वाक्यात 'बाहचेयी', म्हणजे 'बागेला', हे कर्म द्वितीयेत उभं आहे. 'हिझला', म्हणजे 'भराभर', हे क्रियाविशेषण आहे. कुदळीला कर्म नसतं. तिला 'एस्की', म्हणजे 'जुनी', असं विशेषणच लागतं.

निषेध करून पाहिला की फरक आणखी स्पष्ट होतो. अलीने बाग खणू नये असं म्हणायचं, तर 'काझ्मामासिनि'. यातला पहिला 'मा' नकाराचा, दुसरा नाम करणारा, आणि आघात नकाराच्या 'मा'च्या आधी, 'काझ'वर पडतो. कुदळीचा असा नकार करता येत नाही.

म्हणजे दुसरी 'काझ्मा' बाहेरून नाम आहे. ती विभक्ती घेते, तिचा कर्ता षष्ठीत जातो. आतून मात्र ती क्रियापदच राहते. शिवाय हा 'मा' जवळजवळ कुठल्याही धातूला लागतो आणि अर्थ आधीच ठाऊक असतो. कुदळीचा अर्थ मात्र शब्दकोशात पाहावा लागतो. भाषाशास्त्रज्ञ मार्टिन हास्पेलमाथ यांनी 1996 साली नेमकं हेच मांडलं: जात बदलणारा प्रत्ययही विकार असू शकतो, आणि मूळ शब्दाची आतली वाक्यरचना जितकी टिकते, तितका तो विकाराच्या जवळ असतो. मला हा निकष जातीच्या नियमापेक्षा कितीतरी खरा वाटतो, कारण तो वाक्यातच तपासता येतो.

तरीही काही वाक्यं हाती लागत नाहीत. 'बाकानिन आचिक्लामासिनि बेक्लियोरुझ': आम्ही मंत्र्यांच्या निवेदनाची वाट पाहतोय, किंवा मंत्री ते जाहीर करतील याची. मध्ये 'कारारी', म्हणजे 'निर्णय', हे कर्म घाला, तर ते क्रियापदाचं रूप ठरतं. 'उझुन', म्हणजे 'लांबलचक', हे विशेषण घाला, तर ते निवेदन, अनेकवचन होणारं साधं नाम. मराठीतलं 'तिचं गाणं ऐकलं' हेही असंच: तिचं एखादं गीत ऐकलं, की ती गात असताना ऐकलं? कर्म नाही, विशेषण नाही, क्रियाविशेषण नाही, अशा वेळी ते वाक्य दोन्हींकडे सारखंच उघडं असतं, आणि विश्लेषकाने दोन्ही वाचनं नोंदवायला हवीत.