सुटीच्या दिवशी कॉम्प्रेसर काय सांगतो

मंडळी, हवेची गळती मोजायला महागडं यंत्र लागत नाही. लागतो एक स्टॉपवॉच, आणि असा एक दिवस की ज्या दिवशी कारखान्यात एकही मशीन हवा वापरत नाही. त्या दिवशी फक्त कॉम्प्रेसर सुरू करायचा. सगळं बंद असताना लाइन भरली की तो अनलोड व्हायला हवा, म्हणजे हवा न भरता नुसता फिरायला हवा, आणि तसाच राहायला हवा. पण तो थोड्या वेळाने पुन्हा लोड होतो, म्हणजे हवा भरू लागतो. हवा कुणी वापरत नाही, म्हणजे ती जातेय ती गळतीतूनच.

एक उदाहरण घेऊ. कॉम्प्रेसर मिनिटाला 10 घनमीटर हवा देणारा. तो 20 सेकंद लोडवर चालतो, मग 60 सेकंद अनलोडवर. 80 पैकी 20, म्हणजे पाव हिस्सा. कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या 25 टक्के, मिनिटाला अडीच घनमीटर हवा वाया. एका चक्रावर विसंबू नका, निदान दहा चक्रं घ्या. मी एकदा घाईत चारच घेतली. त्यात लाइनमधलं पाणी काढणारा टायमरवाला ऑटो ड्रेन दोनदा उघडला होता, आणि त्याची हवा मी गळतीच्या खात्यात टाकली. दहा चक्रं लिहिली असती तर मधेच एखादा अनलोडचा काळ अचानक आखूड झालेला दिसला असता. आणखी एक, पाटीवरचे 10 घनमीटर जुना कॉम्प्रेसर देतोच असं नाही. टक्केवारीला त्याने फरक पडत नाही, घनमीटरच्या आकड्याला पडतो.

मशीनकडे जाणारे व्हॉल्व्ह मात्र उघडे ठेवा. ते बंद केलेत तर मशीनच्या आतली गळती चाचणीत येणारच नाही, आणि बरीचशी गळती तिथेच असते.

आता विजेचा हिशेब, आणि इथे बहुतेकजण फसतात. लोडवर हा कॉम्प्रेसर 60 किलोवॉट घेतो. त्याचे 25 टक्के 15 किलोवॉट, वर्षाला 6000 तास, म्हणजे 90,000 युनिट वाचतील, असं अहवालात छापून येतं. पण गळती बंद केली म्हणून कॉम्प्रेसर बंद पडत नाही, तो जास्त वेळ अनलोडवर फिरतो. आणि अनलोडवर तो फुकट फिरत नाही. मीटर लावून पाहा. समजा 20 किलोवॉट दिसले. मग लोडवरचा वेळ अनलोडवर गेला तर वाचतात 40 किलोवॉट, 60 नव्हे. 25 टक्क्यांचे झाले 10 किलोवॉट. शिवाय सगळी गळती कधीच बंद होत नाही. 25 वरून 10 टक्क्यांवर आणली, तर 15 टक्के गुणिले 40, म्हणजे 6 किलोवॉट, वर्षाला 36,000 युनिट. हाच आकडा साहेबांना सांगा, कारण बिलात दिसेल तो हाच. स्पीड बदलणाऱ्या कॉम्प्रेसरला मात्र हे गणित लागू नाही. तिथे लोड-अनलोडची चक्रं मिळत नाहीत. कॉम्प्रेसर बंद करून टाकीतला दाब किती वेळात उतरतो ते पाहावं लागतं.

मग गळती शोधायची कुठे? सगळा कारखाना साबणाचं पाणी घेऊन हिंडू नका. त्याच सुटीच्या दिवशी एकेका विभागाचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून घड्याळ पुन्हा लावा. समजा दुसऱ्या शेडचा व्हॉल्व्ह बंद केला आणि लोड 16 सेकंद, अनलोड 144 सेकंद झालं. म्हणजे 10 टक्के. उरलेले 15 टक्के दुसऱ्या शेडमध्ये आहेत, पहिला दिवस तिथेच घालवायचा. बंद केलेला व्हॉल्व्ह स्वतः आतून गळत नाही ना, एवढं मात्र बघा, नाहीतर तो विभाग विनाकारण निर्दोष सुटतो.

शोध मशीनच्या टोकाकडून सुरू करा. वरचा मोठा पाइप क्वचितच दोषी असतो. क्विक कपलिंग, पुश फिटिंग, फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटरचा म्हणजे एफआरएलचा बाऊल, होजचे क्लॅम्प, सिलिंडरच्या रॉडचं सील, ही नेहमीची ठिकाणं. मशीन चालू असताना अल्ट्रासॉनिक डिटेक्टर वापरा, गोंगाटातही त्याला गळतीची शीळ ऐकू येते. नेमकी जागा पक्की करायला साबणाचा फेस. प्रत्येक जागी क्रमांकाचा टॅग लावा, वहीत मशीन, भाग आणि गळती लहान की मोठी एवढंच लिहा. मोठ्या आधी दुरुस्त करायच्या. भोक तीनपट रुंद झालं तर हवा नऊपट जाते, म्हणून पहिल्या दहा टॅगमध्ये निम्मं काम उरकलं तर नवल नाही. दाब असताना फिटिंग आवळू नका, लाइन बंद करून आतली हवा सोडून द्या. सुटलेली होज चाबकासारखी फिरते.

दुरुस्तीनंतर पुन्हा तीच चाचणी, लोड आणि अनलोडचे दाब पहिल्यासारखेच ठेवून. गळती दाबाबरोबर बदलते. मधल्या काळात कुणी दाब उतरवला असेल, तर त्या दिवशीचा कमी झालेला आकडा दुरुस्तीचा की दाबाचा, हे घड्याळ सांगणार नाही.