नऊचा पाढा आणि मिटलेलं बोट

(दृश्य : बाकावर पालथे ठेवलेले दोन हात. कॅमेरा वरून.)

मोजायला डावीकडून सुरुवात करायची. डाव्या हाताची करंगळी एक, अनामिका दोन, मधलं बोट तीन, तर्जनी चार, अंगठा पाच. उजवा अंगठा सहा, आणि तसंच पुढे जात उजवी करंगळी दहा. नऊ साती किती? सातवं बोट, म्हणजे उजवी तर्जनी, आत मिटायची. आता मिटलेल्या बोटाच्या डावीकडे बघा : डाव्या हाताची पाच आणि उजवा अंगठा, मिळून सहा. उजवीकडे मधलं बोट, अनामिका, करंगळी, तीन. सहा दशक, तीन सुटे. त्रेसष्ट.

(दृश्य : बोटं एकेक करून मिटतात. पाढ्याचा आवाज : नऊ एके नऊ, नऊ दुणे अठरा, नऊ त्रिक सत्तावीस…)

पहिली करंगळी मिटली की डावीकडे काहीच नाही आणि उजवीकडे नऊ. शेवटची करंगळी मिटली की डावीकडे नऊ आणि उजवीकडे शून्य. मधल्या प्रत्येक पायरीला एक बोट उजवीकडून डावीकडे येतं. बाकावर उघडी बोटं कायम नऊच. नऊच्या पाढ्यात उत्तरातल्या अंकांची बेरीज नऊ येते, ती इथे डोळ्यांना दिसते. पण एक बोट मिटलं की गुणाकार का व्हावा, हे बोटं सांगत नाहीत. बहुतेक ठिकाणी इथेच टाळ्या पडतात आणि ‘जादू’ म्हणून विषय संपतो. आपण काड्या घेऊ.

(दृश्य : रबर बँड लावलेले काड्यांचे गठ्ठे, प्रत्येकात दहा.)

नऊ-नऊ काड्यांचे सात ढीग करायचे आहेत. नऊ मोजत बसण्यापेक्षा दहाचे तयार गठ्ठे उचलू. सात गठ्ठे, सत्तर काड्या. प्रत्येक गठ्ठ्यात एक काडी जास्त आहे, म्हणजे एकूण सात काड्या परत द्यायच्या. त्यासाठी सातही गठ्ठे सोडायचे का? गरज नाही. एकच सोडायचा.

(दृश्य : रबर निघतो. दहा काड्या पसरतात. हात त्यातल्या सात बाजूला करतो. इथे निवेदन थांबेल.)

उरल्या तीन सुट्या. न सोडलेले गठ्ठे सहा. त्रेसष्ट. सातच्या जागी चार घ्या : चार गठ्ठे, एक सोडला, दहातून चार परत. तीन गठ्ठे, सहा सुट्या, छत्तीस. गठ्ठे त्या आकड्यापेक्षा एकाने कमी राहतात, कारण एक सुटतो. सुट्या काड्या दहातून तो आकडा वजा करून उरतात. या दोन्हींची बेरीज केली तर आकडा एकदा मिळवला जातो आणि एकदा वजा होतो, म्हणजे त्याचा हिशेबच राहत नाही. उरतात दहा वजा एक.

सोडलेला गठ्ठा म्हणजेच मिटलेलं बोट.

‘दहातून एक काढून नऊ’ ही युक्ती मराठी बोलणाऱ्याला नवी नाही. एकोणीस म्हणजे एकाने ऊन, एकाने कमी, वीस; एकोणतीस म्हणजे एकाने ऊन तीस. एकोणनव्वदपर्यंत आपण नऊवर संपणारी संख्या अशीच बोलतो; नव्याण्णव तेवढा वेगळा. जीभ वजाबाकी करतच असते. फक्त पाढा पाठ करताना कोणी ती दाखवून देत नाही.

(दृश्य : मुलांचे हात, जवळून. अनामिका मिटताना करंगळीही खाली जाते.)

हा हात बघा. नऊ नव्वेसाठी नववं बोट, उजवी अनामिका मिटायचीय, पण करंगळी सोबत खाली गेली. डावीकडे आठ, उजवीकडे काहीच नाही, मुलगा म्हणतो ऐंशी. यात त्याचा दोष नाही. या दोन बोटांचे स्नायू आणि कंडरा एकमेकांशी जोडलेले असतात, त्यामुळे अनामिका एकटी नीट मिटत नाही. नऊ दुणेलाही डाव्या हाताची हीच अडचण. उपाय सोपा आहे : बोट मिटूच नका, त्यावर खडूचा तुकडा ठेवा. आणि चूक पकडायला बेरीज आहेच. आठ आणि शून्य, आठ. नऊ नाही, म्हणजे कुठेतरी बोट हरवलं.

दुसरी चूक मात्र बेरजेच्या हाती लागत नाही.

(दृश्य : बाई मुलांकडे तोंड करून हात पुढे धरतात.)

शिकवणारा समोर उभा राहून हात दाखवतो तेव्हा त्याची डावी बाजू मुलांची उजवी असते. बाईंनी त्रेसष्ट दाखवले, मुलांना छत्तीस दिसले. तीन आणि सहा, बेरीज नऊच! म्हणून हे मुलांच्या शेजारी बसून, हात त्यांच्याच दिशेला ठेवून दाखवायचं.

मराठीत या उलटापालटीला आणखी एक निमित्त आहे. आपण ‘त्रेसष्ट’ म्हणताना आधी तीन बोलतो, मग साठ. लिहिताना आधी सहा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं संख्यावाचन आलं आणि राज्यभर वाद झाला, तो याच जोडाक्षरी, उलट्या क्रमाच्या नावांवरून. वादात कोण बरोबर ते बाजूला ठेवू. बोटांपुरता नियम असा की आधी ‘सहा दशक, तीन एकक’ म्हणायचं, वहीत ६३ लिहायचं, आणि मग ‘त्रेसष्ट’ उच्चारायचं. आणि हो, घरी पेरांवर मोजायची सवय असलेल्या मुलांना आधीच सांगा : इथे पेरं नाहीत, अख्खं बोट एक.

(अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमी नऊच्या पटीत येतो, ६३ आणि ३६ मध्ये २७. रोकड जुळत नसेल तर हिशेबनीस आधी हेच तपासतात.)

(दृश्य : पुन्हा काड्या. नऊ गठ्ठे बाकावर, सुटी एकही नाही.)

दहा बोटं संपली, नव्वद झाले. नऊ अकरे? नऊ मिळवायचे म्हणजे एक गठ्ठा ठेवायचा आणि एक सुटी काडी उचलायची. आत्तापर्यंत प्रत्येक पायरीला हेच चाललं होतं. गठ्ठा एकाने वाढे, सुटी एकाने घटे, बेरीज जागच्या जागी. पण आता सुटी काडीच नाही. दहावा गठ्ठा ठेवला की तोच सोडावा लागतो. नऊ गठ्ठे, दहा सुट्या, त्यातली एक परत. नव्याण्णव. नऊ आणि नऊ, अठरा.

‘नेहमी नऊ’ इथे मोडलं असं वाटतं. काय झालं ते नीट बघा : गठ्ठा सोडला तेव्हा गठ्ठ्यांतला एक गेला आणि सुट्यांत दहा आले. बेरीज एकदम नऊने वाढली. पुढची पायरी, नऊ बारे. एक गठ्ठा आणखी, एक सुटी कमी : दहा गठ्ठे, आठ सुट्या. दहा गठ्ठ्यांना मोठा रबर लागतो, शंभराचा एक जुडगा होतो. दहा गेले, एक आला, बेरीज नऊने उतरली. १०८, बेरीज पुन्हा नऊ. सोडणं आणि बांधणं, दोन्हींत बेरीज हलते ती नऊनेच. म्हणून ती नऊच्या पटीबाहेर कधी जात नाही. अठरा आली तर एक आणि आठ पुन्हा मिळवा.

(दृश्य : एक जुडगा, त्याशेजारी आठ काड्या. छोटा हात एक गठ्ठा आणतो, एक काडी उचलून नेतो.)

एक शंभर, एक दशक, सात सुट्या. नऊ तेरे.