प… प… पंढरपूर

[दृश्य: स्वारगेट एसटी स्टँड, सकाळ. चौकशीची खिडकी. रांगेत सहाजण. कॅमेरा चौथ्या माणसाच्या खांद्यामागे.]

रांगेत चौथा उभा आहे, निळ्या शर्टातला, तो आमचा मित्र. वय एकतीस, नोकरी सॉफ्टवेअरची. आज त्याला कुठेही जायचं नाहीये. तो पंढरपूरची गाडी विचारायला आलाय, कारण पंढरपूर 'प'ने सुरू होतं आणि बोलताना तो 'प'वर अडखळतो.

त्याचं स्वतःचं नावही 'प'नेच. ते आम्ही सांगणार नाही, ते तो सांगेल.

[दृश्य: खिडकीपाशी. चेहऱ्याचा क्लोजअप. ओठ मिटलेले.]

इथे जरा थांबून बघा. हा क्षण आम्ही हळू करून दाखवतोय. 'प' म्हणायला ओठ मिटावे लागतात, मागे हवा साठते, ओठ सुटतात आणि आवाज येतो. अडखळणाऱ्याचे ओठ मिटतात ते सुटतच नाहीत. गळ्यातही आवाजाचं दार घट्ट बसलेलं असतं. याला ब्लॉक म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, याला शब्द आठवत नाहीये. शब्द तर रांगेत उभा राहिल्यापासून त्याच्या डोक्यात घोळतोय. नेमकं तेच नडतं.

आता हे बघा. तो जोर लावत नाही. दाबलेले ओठ सैल करतो, 'प' लांबू देतो आणि तिथून पुढच्या 'अं'वर घसरत जातो. पऽऽंढरपूर. याला पुलआउट म्हणतात. अडकलेल्या शब्दातून मागे न फिरता, त्याच शब्दातून पुढे निघायचं. अमेरिकेतले वाचोपचारतज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर स्वतः लहानपणापासून अडखळायचे. त्यांच्या पद्धतीतली ही मधली पायरी. त्याआधीची पायरी आणखी साधी आहे. अडखळत का होईना शब्द पूर्ण करायचा, दोन-तीन सेकंद थांबायचं आणि तोच शब्द पुन्हा, सैल अडखळत म्हणायचा. पुन्हा म्हणताना तो गुळगुळीत यायला हवा अशी अटच नाही. लोकांना हेच पचत नाही.

[दृश्य: खिडकीतला माणूस मान वर न करता, "पलीकडच्या फलाटावर."]

त्याला उत्तर मिळालं. मागच्या बाईंनी एकदा घड्याळ पाहिलं, एवढंच.

[दृश्य: स्टँडबाहेर चहा. वहीचं पान.]

आता ही वही. आमच्या सगळ्या चित्रीकरणात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे पान. डावीकडे लिहिलंय, 'काय म्हणायचं होतं'. मधे, 'काय म्हणालो'. उजवीकडे एकच खूण, बरोबर किंवा फुली. किती वेळा अडखळलो याला रकाना नाही.

पहिल्या आठवड्याचं पान वाचतो. म्हणायचं होतं 'पोहे', म्हणालो 'मिसळ'. म्हणायचं होतं 'परवा', म्हणालो 'बुधवारी'. म्हणायचं होतं 'पायथनमध्ये प्रॉब्लेम आहे', म्हणालो 'बघतो मी'. त्या दिवशी तो एकदाही अडखळला नव्हता. ऑफिसात कुणाला शंकाही आली नसती. पण वहीत सगळ्या फुल्या.

शब्द बदलणं ही अडखळणाऱ्यांची जुनी विद्या आहे. मनात वाक्य पुढे वाचत जायचं, अवघड अक्षर दिसलं की वाट बदलायची. नाहीतर सुरुवातीला 'म्हणजे', 'ते आपलं', 'काय झालं की' अशा कुबड्या लावायच्या. कुबडी पहिला आठवडा चालते, मग तिच्यावरही अडकायला होतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जोसेफ शीहान यांनी अडखळण्याला हिमनगाची उपमा दिली होती. वर दिसतं ते थोडं, बाकीचं लपवणं, टाळणं, लाज, ते सगळं पाण्याखाली. म्हणून कुणी अजिबात अडखळत नाही असं दिसलं, तरी तो बरा झाला असं धरून चालू नये. कदाचित त्याने आज पोह्यांऐवजी मिसळ खाल्ली असेल.

याच नादात आमच्या मित्राने दोनदा टीम लीडची जागा नाकारली. असो.

[दृश्य: रविवार सकाळ. बाग. गोलात बसलेले दहा-बारा जण. पायांचे, हातांचे क्लोजअप.]

इथे दर रविवारी अडखळणारी माणसं जमतात. इथे डॉक्टर नाही, फी नाही. अशा स्वयंसहायता गटांमागे 'दि इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन'चं मोठं काम आहे. ती २००८ साली सुरू झाली.

हा पाय बघा, ठेका धरतोय. शब्द सुटावा म्हणून कधीतरी पाय आपटला, शब्द सुटला, आणि पाय चिकटला तो चिकटलाच. पलीकडे डोळे मिटणारा, मांडीवर चापट मारणारा. ह्यातला कुठलाच हावभाव तोतरेपणाचा नाही, तोतरेपणातून पळण्याचा आहे.

आता जे चाललंय ते बाहेरच्याला वेडेपणा वाटेल. ही मुलगी मुद्दाम अडखळतेय. 'मा-मा-माझं.' जिथे अजिबात अडत नाही, तिथे स्वतःहून, सैलपणे, समोरच्याच्या डोळ्यांत बघत. एकदा आपणच दाखवून टाकलं की लपवायला उरतं काय? धोका एकच. मुद्दाम केलेलं अडखळणं मधेच खरं होतं, जबडा ताठ होतो. ते कसं ओळखायचं? तिची नजर बघा, आत्ता खाली गेली. गटातली एक ताई लगेच म्हणते, "नजर." ती पुन्हा सुरू करते.

[दृश्य: शाळेतला वर्गाचा जुना फोटो. तिसऱ्या रांगेत तो.]

वर्गातलं आमच्याकडे एवढंच आहे, हा फोटो. हजेरीत त्याचा नंबर तेवीस होता. एकपासून बावीसपर्यंत तो 'यस सर' घोटत बसायचा. नंबर जवळ येत जाणं हाच त्रास असतो. शिक्षकाने अशा मुलाला आधी विचारून ठेवावं, तुला पहिल्यांदा बोलायचंय की सगळ्यांत शेवटी. जोडीने मोठ्याने वाचायला दिलं तर बहुतेक मुलं अडखळतच नाहीत. पण सोबतचा आवाज थांबला की परत तेच. तेव्हा त्याला पुरावा मानून 'बघ, जमतं की तुला' म्हणू नये.

[दृश्य: घर. लॅपटॉप. सोमवार. ऑनलाइन मीटिंगचे चौकोन, चेहरे धूसर.]

आणि हो, हे निवेदन वाचणारा मीही त्याच रविवारच्या गोलातला. या आवाजात तीन ठिकाणी मी अडकलोय. एडिटर काढून टाकतो म्हणाला होता. राहू दे म्हटलं.

आज टीममध्ये तीन नवीन लोक आलेत. म्हणजे ओळखीची फेरी. नावाला दुसरा शब्द नसतो, म्हणून अडखळणाऱ्याला सगळ्यात जड स्वतःचं नाव जातं. काही जण नावाआधी घसा खाकरतात, काही जण अगदी वेळेवर नेटवर्क गेल्याचं सोंग करतात. यानेही केलंय, वहीत तारखेसकट आहे.

फेरीआधी तो एक वाक्य बोलणार आहे. रविवारी गटात आठ वेळा बोलून पाहिलेलं. "मी अडखळतो, नावाला थोडा वेळ लागेल." माफी नाही, प्रस्तावना नाही. सांगून टाकलं की समोरचे मदतीला शब्द पुरवत नाहीत. बहुतेक वेळा. कुणी पुरवलाच तर, पुरवलेला शब्द न घेता आपला शब्द पूर्ण करायचा, हेही ठरलंय.

त्याच्यापुढे अजून दोघं आहेत. डावा हात टेबलाखाली आहे, तो कॅमेऱ्यात दिसत नाही. आम्हाला दिसत होता.

[दृश्य: त्याचा चौकोन मोठा होतो. "मी अडखळतो, नावाला थोडा वेळ लागेल." निवेदन बंद. मूळ आवाज. ओठ मिटतात. काहीही कापायचं नाही, नऊ सेकंद पूर्ण ठेवणे. तो नाव सांगतो.]

[दृश्य: पुढच्या चौकोनातली मुलगी माइक चालू करते. "हाय, मी टेस्टिंगला आहे."]