पक्या, पकू आणि पकुल्या

[दृश्य: कोरा कागद. शाईच्या पेनानं लिहिणारा हात.]

प्रकाश. लग्नाच्या पत्रिकेवर आणि बँकेच्या पासबुकावर हे नाव शोभतं. हाकेला ते जरा लांब पडतं. म्हणून बायको, मैत्रीण, मित्र ते तोडतात आणि शेवटी 'या' किंवा 'ऊ' लावतात.

पेन कुठे थांबतंय बघा. आधी प्र, मग क. दुसऱ्या अक्षरातल्या व्यंजनापाशी नाव तोडलं, पुढचं सगळं गळालं. उरलेल्या 'प्रक'मधला र जिभेला अडतो, म्हणून तोही गेला. राहिलं नुसतं 'पक'. त्याला या लावला की पक्या, ऊ लावला की पकू. प्रमोदचा पम्या, प्रदीपचा पद्या आणि प्रवीणचा पव्या याच वाटेनं झाले.

[दृश्य: त्याच कागदावर खाली 'शीतल'.]

इथे दीर्घ शी आखडतो आणि नाव होतं शितू. विळी, किडा, पिसू म्हणून बघा. शेवटचं अक्षर दीर्घ असलं की अस्सल मराठी शब्दांत त्याच्या आधीचे इ-उ ऱ्हस्व होतात. दीपकचा दिप्या होतो तो त्यामुळेच.

[दृश्य: मोबाइलचा पडदा जवळून. 'सुरेश' खोडून नवं नाव टाइप होतंय.]

आता खरी गंमत. सुरेशमधलं 'सुर' घेतलं, या जोडला आणि पडद्यावर उमटलं 'सुर्या'. य वर रफार बसला. हे चुकलं. रफार आला की आधीच्या अक्षरावर जोर येतो आणि हाक आकाशातल्या सूर्याला जाते. आपल्याला हवा आहे सुऱ्या, र अलगद उच्चारलेला. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांत जो फरक, तोच इथे. कीबोर्डवर त्यासाठी साधा र चालत नाही, खाली टिंब असलेला ऱ शोधावा लागतो. तो घेतला, हलन्त केला, पुढे य दिला. जमलं. स्वयंपाकघरातल्या सुऱ्याही अशाच लिहितात, पण त्याला इलाज नाही.

[दृश्य: लग्नाचा मांडव. नवरी उखाणा घेते आहे, बायका हसताहेत.]

नवऱ्याचं नाव घ्यायचं ते उखाण्यातच, एरवी 'अहो'. कितीतरी घरांत हीच रीत होती. तिथे नाव तोडून त्याला या लावणं कुणाच्या मनातही येत नसे. आणि 'अहो पक्या' असं म्हणताही येत नाही, म्हणून बघा. या आला की 'अरे' येतोच. वेड्याला आपण 'अरे वेड्या' म्हणतो, घोडा हाकेत घोड्या होतो. 'या' आधीपासूनच हाकेतला आहे. 'या' लावलेलं नाव उडाणटप्पू वाटतं असं काहीजण म्हणतात, ते आम्हाला पटत नाही. बायकोनं नवऱ्याला बरोबरीनं मारलेली 'या'च्याइतकी सरळ हाक मराठीत दुसरी आम्हाला तरी सापडली नाही.

[दृश्य: गोठा. आईला लुचणारं वासरू.]

ऊ वेगळ्या घरचा. वासरू, कोकरू, पाखरू, लेकरू, पिल्लू. या शब्दांतला ऊ लहान जिवांचा आहे आणि हे शब्द सगळे नपुंसकलिंगी. म्हणून नावाला ऊ लागला की माणूसही 'तो' किंवा 'ती' न राहता 'ते' होऊन बसतं: 'दमलं का माझं पकू?' 'या' माणसाला बरोबरीला आणतो, ऊ त्याला कडेवर घेतो.

[दृश्य: पुन्हा कागद. बायकांची नावं एकाखाली एक.]

बायकांच्या नावांशी ऊचं छान जमतं. प्राजू, तेजू, सायू, स्नेहू. 'या'चं तसं नाही. हाक पुरुषी होते. कॉलेजातल्या मैत्रिणी एकमेकींना तेज्या, प्राज्या बिनधास्त म्हणतात, तो भाग निराळा. प्रियाच्या शेवटी या आधीच आहे, तिथे आणखी काय लावणार? ती सरळ पियू होते. आणि वैशालीला या लावायचाच असेल तर मनातल्या मनात लावून बघा, मोठ्यानं नको. वैशू म्हणा.

[दृश्य: चहाची टपरी. कुणीतरी लांबून 'पक्याऽऽ' ओरडतं, चारजण वळून बघतात.]

पक्या साऱ्या गल्लीचा झालेला असतो. अमोल, अमित, अमेय तिघेही अम्याच. त्यामुळे बायको किंवा मैत्रीण बहुतेक वेळा ऊकडे वळते. पकू तिच्या एकटीचं.

[दृश्य: मोबाइलवर येणारा फोन. पडद्यावर नाव: पकुल्या.]

आणि मग दोन्ही एकत्र येतात. पकूला ल्या लागतो, मधला ऊ आखडून उ होतो आणि तयार होतो पकुल्या, सोनूचा सोनुल्या होतो तसाच. आत लाड, बाहेर 'अरे'. कुणी ड्या लावून पकुड्या करतं. भांडण झालं की मात्र 'प्रकाश' पूर्ण परत येतो.

पाहुण्यांनी भरलेल्या घरात, सासूबाईंसमोर, हाच 'पकुल्या' तोंडून निसटतो तेव्हा काय होतं, ते चित्रित करायची परवानगी आम्हाला कुणी दिली नाही.