मार्चअखेर संपली, तो मनातून जाईना

नमस्कार श्रोतेहो. आज ज्या बाईंबद्दल बोलणार आहे, त्या कुणी एक नाहीत. समुपदेशनासाठी येणाऱ्या अनेकींमधून मी त्यांना जुळवलं आहे. वय चाळिशीचं, बँकेत अधिकारी, लग्नाला पंधरा वर्षं झालेली. मार्चअखेरीला रात्री उशिरापर्यंत शाखेत थांबावं लागलं, सोबत एक सहकारी होता. एप्रिल उजाडला, हिशेब मिटले, पण तो काही मनातून जाईना. घडलं काहीच नव्हतं, तरी नवऱ्याचा डबा भरताना त्यांना स्वतःची लाज वाटायची.

त्यांनी ठरवलं, त्याचा विचारच करायचा नाही. हे बहुतेकदा उलटतं. १९८७ साली डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. आणि नंतर मोकळीक दिल्यावर तर अस्वल आणखीनच येऊ लागलं.

म्हणून मी विचारलं, ‘तो कसा आहे ते राहू द्या. त्याच्यासमोर तुम्ही कशा असता?’ बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, ‘मी बोलते. कर्जाच्या प्रकरणात तो माझं मत विचारतो. मी चेष्टामस्करीसुद्धा करते.’ घरी बोलणं काय, तर गॅस, मुलाची शिकवणी, सासूबाईंच्या गोळ्या. ओढ त्याची होती, तशी स्वतःच्या त्या विसरलेल्या रूपाचीही होती.

अर्थात दर वेळी संसारातच काही कमी असतं असं नाही. कधीकधी कामाच्या ताणानं वाढलेली धडधड आपण सोबतच्या माणसाच्या नावावर टाकतो. ताण ओसरल्यावर ओढही ओसरली, तर फार अर्थ शोधू नये.

आता अपराधीपणाचं. मनात ओढ निर्माण झाली म्हणून स्वतःला फटके मारून काही साधत नाही. पण या बाई रात्री त्याच्याशी चॅट करून ते पुसून टाकत होत्या, नवऱ्याची गाऱ्हाणी त्याला सांगत होत्या. इथली टोचणी मात्र खरी होती. नवऱ्याला जे माहीत नाही, ते त्या परक्याला माहीत होऊ लागलं होतं. त्यांनी हे दोन्ही थांबवलं. शाखेतलं काम आणि कामापुरतं बोलणं चालू राहिलं.

नवऱ्याला सगळं सांगून टाकू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, स्वतःचं ओझं उतरवण्यासाठीच सांगणार असाल, तर घाई नको. जे हवंय ते आधी मागा. (घरात मारहाण किंवा धाक असेल, तर मात्र हा सल्ला लागू नाही.) त्या नवऱ्याला म्हणाल्या, ‘अहो, आपण कामाशिवाय बोलतच नाही.’ ते टीव्हीकडे बघत म्हणाले, ‘आता काय झालं?’ चार दिवसांनी जेवणानंतर दोघं फिरायला निघाले, तेव्हा त्यांनी एका अडलेल्या कर्जप्रकरणाची गोष्ट सुरू केली. या वेळी नवऱ्यानं मध्येच दोन प्रश्न विचारले.