हॅलोजन मॉइश्चर अनॅलायझर: वजन बरोबर, तरी आकडा चुकतो कसा?

(दृश्य: दूध भुकटी कारखान्याची प्रयोगशाळा. टेबलावर मॉइश्चर अनॅलायझर, शेजारी भुकटीची नमुना बाटली.)

दूध भुकटीतला ओलावा ५ टक्क्यांच्या आत असला पाहिजे, असा भारतातला अन्नसुरक्षेचा नियम आहे. या बाटलीतल्या भुकटीचा ओलावा यंत्राने सकाळी ४.६ दाखवला. दुपारच्या पाळीतल्या माणसाने त्याच बाटलीतून नमुना घेतला, तेव्हा ४.२ आला. बाटली घट्ट बंद होती. मग या दोनांतला खरा आकडा कोणता?

उत्तर शोधायला आधी यंत्राच्या पोटात डोकावू. खाली वजनकाटा आणि वर गोल हॅलोजन दिवा, एवढंच मुख्य सामान. पॅनमध्ये भुकटी पसरायची आणि झाकण लावायचं. काटा सुरुवातीचं वजन टिपतो, दिवा भुकटी तापवतो, पाणी उडून जातं आणि वजन उतरत जातं. उतरायचं जवळजवळ थांबलं की यंत्र स्वतःच दिवा बंद करतं. जेवढं वजन गेलं त्याला सुरुवातीच्या वजनाने भागलं की ओलाव्याची टक्केवारी मिळते. यंत्र पाणी ओळखत नाही, त्याला फक्त गेलेलं वजन कळतं. ते पाण्यामुळे गेलं की भुकटी करपल्यामुळे, हे आपण बघायचं.

(दृश्य: वजनांची लाकडी पेटी उघडते. चिमट्याने २० ग्रॅमचं वजन उचललं जातं.)

पडताळणीची सुरुवात काट्यापासून. यंत्र गार हवं. नुकताच नमुना तापवून झाला असेल तर आतली गरम हवा वर उठत असते, तिच्या झोताने पॅनवरचा आकडा काही मिलिग्रॅमने डुलतो. पाणसळीचा बुडबुडा मधोमध आहे ना, ते बघायचं. पॅनचा आधार काढून त्याखाली ब्रश फिरवायचा, कारण तिथे भुकटीचे कण हमखास साचतात आणि काट्याला घासतात. मग एफ-वन वर्गाचं २० ग्रॅमचं वजन चिमट्याने मध्यभागी ठेवायचं. या वर्गात २० ग्रॅमच्या वजनात जास्तीत जास्त पाव मिलिग्रॅमची चूक चालते. आपला काटा १ मिलिग्रॅमपर्यंतच वाचतो, तेव्हा त्याला तपासायला हे वजन पुरेसं अचूक आहे. बोटांनी मात्र ते उचलायचं नाही. बोटांचा तेलकटपणा वजनावर चिकटून बसतो.

आकडा आला २०.००१. नोंदवहीत लिहिलं. बऱ्याच ठिकाणी पडताळणी इथेच संपते. पण या एका आकड्यावरून ओलाव्याच्या आकड्याबद्दल फारच थोडं कळतं.

समजा, काटा बिघडलाय आणि सगळी वजनं अर्ध्या टक्क्याने जास्त दाखवतोय. पॅनमध्ये खरी ५ ग्रॅम भुकटी आहे, तो ५.०२५ म्हणेल. वाळल्यावर खरं वजन ४.७५० उरलं, तो ४.७७४ म्हणेल. आता टक्केवारी काढा. ५.०२५ मधून ४.७७४ वजा करून ५.०२५ ने भागलं तर उत्तर पुन्हा ५ टक्केच येतं. दोन्ही वजनं एकाच काट्यावर, एकाच प्रमाणात चुकली, म्हणून भागाकारात चूक निघून गेली. म्हणजे २० ग्रॅमला तब्बल १०० मिलिग्रॅम चुकणारा काटासुद्धा ओलावा बरोबर सांगू शकतो!

म्हणून वजन पेटीत ठेवून द्यायचं का? नाही. त्याला वेगळा प्रश्न विचारायचा. तेच वजन ठेवायचं, काढायचं, पुन्हा ठेवायचं, असं दहा वेळा करायचं आणि आकडा किती इकडेतिकडे होतो ते बघायचं. प्रत्येक वेळी वजन काढल्यावर काटा शून्यावर परततो का, तेही बघायचं. या डगमगीला भागाकाराचा उतारा नाही. पहिलं वजन १ मिलिग्रॅम वर आणि शेवटचं १ मिलिग्रॅम खाली गेलं, तर ती चूक थेट ओलाव्यात उतरते. ओलाव्याच्या यंत्रात काट्याचा सच्चेपणा दुय्यम, त्याचं स्थिर असणं महत्त्वाचं.

(दृश्य: पांढऱ्या स्फटिकांची बाटली. खलात स्फटिक हलकेच कुटले जातात.)

पण वजनाने दिवा तपासला जात नाही. तापमान आणि थांबण्याची वेळही तपासली जात नाही. त्यासाठी असा पदार्थ हवा, ज्यातलं पाणी आधीच पक्कं माहीत आहे. सोडियम टार्टरेट डायहायड्रेट हा तसा पदार्थ. याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू स्फटिकात बांधलेले असतात. रेणुभार २३०.०८, त्यात पाणी ३६.०३, म्हणजे १५.६६ टक्के. हा आकडा कुणी मोजून ठरवलेला नाही, तो रेणूच्या घडणीतूनच येतो. शिवाय खोलीतल्या साध्या हवेत हे स्फटिक पाणी सोडत नाहीत आणि सहसा ओढूनही घेत नाहीत.

पदार्थ बारीक हवा. जाड खडे असतील तर आतलं पाणी बाहेर यायला उशीर होतो आणि तेवढ्यात यंत्र थांबून जातं. ३ ग्रॅम घ्यायचे, पॅनभर एकसारखे पसरायचे, तापमान १६० अंश. बांधलेलं पाणी आहे, १०५ अंशांना ते हवं तसं सुटत नाही.

(दृश्य: पडद्यावर वाळण्याचा आलेख. आधी उभा चढ, मग सपाट.)

आकडा आला १५.६१. ठीक आहे. ठीक कशावरून, ते थोड्या वेळाने बघू. आधी तो चुकला असता तर काय समजायचं? १५.२ आला आणि यंत्र भराभर थांबलं, तर थांबण्याची अट सैल आहे किंवा खडे जाड राहिले. १५.२ आला आणि वेळही खूप लागला, तर दिवा थकलाय किंवा त्याच्या काचेवर भुकटीचा थर बसलाय, उष्णता खाली पोहोचत नाही. आकडा १५.६६ च्या बराच वर गेला, तर बाटली ओलसर जागी उघडी राहिली होती किंवा तापताना काही कण पॅनबाहेर उडाले.

या पदार्थाची एक मर्यादा मात्र फार लोक लक्षात घेत नाहीत. आलेख सपाट झाला की तो सपाटच राहतो. तापमान १६० ऐवजी प्रत्यक्षात १५४ असलं, तरी पाणी सगळं जातं आणि उत्तर १५.६ च्या आसपासच येतं, फक्त वेळ जास्त लागतो. दूध भुकटीचं तसं नाही. तिथे सहा अंश कमी पडले तर ओलावा कमी दिसेल, सहा अंश जास्त झाले तर भुकटी तपकिरी पडून ओलावा जास्त दिसेल. म्हणून पदार्थाच्या पडताळणीत टक्केवारीशेजारी मिनिटंही लिहायची. एरवी तेरा मिनिटांत होणारं काम एकोणीस मिनिटांवर गेलं असेल, तर आकडा बरोबर येऊनही तापमानाचा वेगळा किट लावून तपासायला हवं.

(दृश्य: तीन पॅन शेजारी. १ ग्रॅम, ५ ग्रॅम, १५ ग्रॅम दूध भुकटी.)

आता १५.६१ ला ठीक का म्हटलं, ते बघू. तिथेच सकाळ-दुपारच्या फरकाचंही उत्तर आहे.

काट्याची डगमग १ मिलिग्रॅम धरू. ओलावा काढायला दोन वजनं लागतात, दोघांची डगमग एकत्र होऊन साधारण १.४ मिलिग्रॅम होते. नमुना १५ ग्रॅमचा असो की १ ग्रॅमचा, हे १.४ मिलिग्रॅम तेवढेच राहतात. ५ ग्रॅमच्या नमुन्यात त्यांचा अर्थ ०.०३ टक्का, १ ग्रॅमच्या नमुन्यात ०.१४ टक्का. आपल्या ३ ग्रॅम टार्टरेटला ती ०.०५ च्या जवळ येते, म्हणून १५.६६ ऐवजी १५.६१ आल्याने काही बिघडत नाही. हीच पडताळणी कुणी १ ग्रॅमवर केली आणि मर्यादा ०.१५ ठेवली, तर चांगलं यंत्रसुद्धा दर तीन-चार वेळांत एकदा नापास होईल. मग कुणीतरी सर्व्हिसवाल्याला फोन लावील.

दुसरं कारण जास्त लपलेलं आहे. यंत्र थांबतं कधी? अनेक यंत्रांतली एक नेहमीची अट अशी: ५० सेकंदांत १ मिलिग्रॅमपेक्षा कमी वजन उतरलं की थांबायचं. अट मिलिग्रॅममध्ये आहे, टक्क्यांत नाही. ५ ग्रॅम भुकटीत १ मिलिग्रॅम म्हणजे ०.०२ टक्का, तेव्हा यंत्र थांबतं तोवर वाळणं खरंच संपत आलेलं असतं. १ ग्रॅम भुकटीत तोच १ मिलिग्रॅम म्हणजे ०.१ टक्का. भुकटी दर ५० सेकंदांना ०.०९ टक्का पाणी सोडत असली, तरी यंत्र म्हणतं झालं. मागे राहिलेलं पाणी मोजलंच जात नाही. डगमगीने आकडा कधी वर, कधी खाली जातो. ही चूक मात्र दर वेळी खालीच ओढते, आणि ५ टक्क्यांच्या मर्यादेजवळ तीच जास्त घातक.

मग भरपूर नमुना घ्यावा का? या पॅनचा व्यास ९० मिलिमीटर. ५ ग्रॅम भुकटीचा थर त्यात दीड मिलिमीटरच्या आसपास बसतो. १५ ग्रॅम घेतले तर थर चार मिलिमीटरच्या पुढे जातो. दिव्याची उष्णता वरून येते. वरचा थर आधी वाळतो, आवळतो आणि तव्यावरच्या भाकरीसारखा पापुद्रा धरतो. खालचं पाणी त्याखाली अडकतं. ते निघेपर्यंत वरची भुकटी करपायला लागते, आणि करपण्याने गेलेलं वजनही यंत्र ओलाव्यातच धरतं. एकीकडे पाणी अडकल्याने आकडा कमी, दुसरीकडे करपल्याने जास्त. दोन चुका योगायोगाने एकमेकींना झाकतात तेव्हा आकडा छान दिसतो. वाळलेल्या पॅनमधला पापुद्रा चमच्याने मोडून बघा. खाली पांढरी भुकटी आणि वर तपकिरी दिसली, तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

दूध भुकटीत आणखी एक गोष्ट. ती हवेतला ओलावा पटकन ओढते. १५ ग्रॅम नीट पसरवत बसलात तर पावसाळ्यात पॅनमध्येच तिचा ओलावा वाढू लागतो.

(दृश्य: नोंदवहीचं पान. सकाळ आणि दुपारच्या ओळी.)

सकाळच्या ओळीत नमुन्याचं वजन ५.०८ ग्रॅम. दुपारच्या ओळीत १.१२. घाईत जेवढी भुकटी चमच्यात आली तेवढी टाकली होती, आणि यंत्राने हरकत घेतली नव्हती, कारण त्याला कमीत कमी वजन कुणी सांगितलंच नव्हतं. दुपारच्या नमुन्यात यंत्र लवकर थांबलं आणि वर डगमगही मोठी. ०.४ चा फरक तिथून आला. काटा सकाळी जेवढा बरा होता, तेवढाच दुपारीही.

(दृश्य: यंत्राच्या मेनूत बोटं फिरतात. नमुन्याचं वजन: ४.८ ते ५.२ ग्रॅम.)

आता ४.८ ते ५.२ ग्रॅमच्या बाहेरचा नमुना असेल तर यंत्र तापायला सुरुवातच करणार नाही. टार्टरेटसाठी वेगळी पद्धत साठवली आहे: ३ ग्रॅम, १६० अंश, मर्यादा १५.५१ ते १५.८१. नोंदवहीतल्या त्या रकान्याशेजारी एक नवीन रकाना आखलाय, मिनिटांचा.