नव्या कॉम्प्युटरला डीव्हीडी रायटर हवा का?

श्रोतेहो, नमस्कार.

पंधरा वर्षांपूर्वी कॉम्प्युटर असेंबल करायला गेलं, की दुकानदार यादीत डीव्हीडी रायटर न विचारताच लिहायचा. आज तोच दुकानदार रायटरचं नावही काढत नाही. आपण मागितला, तर कॅबिनेट दाखवून सांगतो की बसवायला जागाच नाही. खरंच नसते. समोरच्या बाजूला जिथे सव्वापाच इंची खण असायचे, तिथे आता पंखे असतात नाहीतर काच असते.

मग खण असलेलं कॅबिनेट शोधत फिरायचं का? माझं मत विचाराल तर नाही. घरात डिस्क आहेत, त्या एकदा वाचून उतरवून घ्यायच्या आणि काम संपलं, असा बहुतेकांचा मामला असतो. दर महिन्याला कोणी डिस्क लिहीत बसत नाही. चार दिवसांच्या कामासाठी पुढची सात-आठ वर्षं वापरायचं कॅबिनेट ठरवू नये. यूएसबीला जोडायचा पातळ बाहेरचा रायटर घ्यावा, काम झालं की तो नातेवाइकांत फिरवावा. तो डिस्क फिरवायला सुरुवात करताना जास्त वीज ओढतो, म्हणून त्याची वायर कॅबिनेटच्या मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टवर किंवा हबवर लावला आणि डिस्क घरघर करून थांबायला लागली, तर आधी पोर्ट बदलून बघा. डिस्कला दोष नंतर द्या.

पण त्याआधी एक फुकटचा मार्ग आहे. जुना कॉम्प्युटर भंगारात देण्यापूर्वी त्यातला रायटर काढून ठेवा. त्याच्या मागची डेटाची खाच बोटभर रुंदीची, इंग्रजी एल अक्षरासारखी असेल, तर तो साटा प्रकारचा आहे आणि नव्या मदरबोर्डवरही चालतो. रुंद पट्टीची वायर लागणारा त्याहून जुना रायटर मात्र चालत नाही, कारण नव्या बोर्डवर ती खाचच नसते. कॅबिनेटमध्ये तो बसवायचीही गरज नाही. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, बाजूचं झाकण उघडा, डेटाची आणि विजेची अशा दोन वायरी जोडा आणि रायटर शेजारी टेबलावर आडवा ठेवा. काम झालं की तसाच काढून घ्या. फक्त विजेची वायर नव्या पॉवर सप्लायसोबत आलेलीच वापरा. सुट्या वायरींच्या सप्लायमध्ये प्रत्येक कंपनीची पिनांची मांडणी वेगळी असू शकते. दुसऱ्याची वायर लावली तर रायटर जळू शकतो. आणि जोडूनही रायटर दिसत नसेल, तर मदरबोर्डचं पुस्तक बघा. काही बोर्डांवर एम-डॉट-टू एसएसडी लावली की एखादं साटा पोर्ट बंद होतं.

कार्ड रीडरचा निर्णय याहून सोपा. कॅमेऱ्यातलं कार्ड रोज काढत असाल तर घ्या, पण बाहेरचा, यूएसबी थ्रीचा. कॅबिनेटमध्ये बसणारे स्वस्त रीडर बरेचदा आत यूएसबी टूवर चालतात, त्यांचा वेग सेकंदाला ३५-४० एमबीच्या पुढे सरकत नाही. ६४ जीबीचं भरलेलं कार्ड उतरवायला मग जवळजवळ अर्धा तास जातो. चांगल्या रीडरवर तेच काम दहा-बारा मिनिटांत होतं. वर्षातून दोनदा सहलीचे फोटो काढणाऱ्याला कॅमेऱ्याची वायरच पुरते.

आता डिस्ककडे येऊ. कपाटातला ढीग आधी निवडा. चित्रपटांच्या, जुन्या प्रिंटरसोबत आलेल्या, गेमच्या डिस्क बाजूला काढा. प्रिंटरचं सॉफ्टवेअर कंपनीच्या साइटवर बहुतेकदा मिळतं. ज्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नाही, त्या आधी हातात घ्या. म्हणजे लग्नाच्या, बारशाच्या, स्टुडिओने दिलेल्या फोटोंच्या. घरी लिहिलेल्या डिस्कवर रंगाचा एक पातळ थर असतो आणि लेझर त्यावर खुणा करतो. उन्हाने आणि दमटपणाने तो थर खराब होतो. सीडीची खरी नाजूक बाजू वरची, नाव लिहितो ती. माहितीचा थर तिथेच, पातळ लाखेच्या खाली असतो. डीव्हीडीत तो दोन प्लास्टिकच्या चकत्यांमध्ये दडलेला असतो. म्हणून सीडीवर चिकटवलेलं लेबल ओढून काढू नका, त्यासोबत चंदेरी थरही निघून येतो.

एक उदाहरण घेऊ. लग्नाच्या तीन डीव्हीडी आहेत, प्रत्येकीत साधारण सव्वाचार जीबी. त्यातल्या व्हिडिओ-टीएस नावाच्या फोल्डरमध्ये एकेक जीबीच्या तुकड्यांत चित्रण असतं. पहिल्या दोन डिस्क दहा-पंधरा मिनिटांत उतरल्या. तिसरीचे चार तुकडे आले आणि पाचव्याला अडकलं. असं शेवटीच अडकणं नेहमीचं आहे. डिस्क आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे सगळ्यात शेवटचा भाग, बहुधा पाठवणी, बाहेरच्या कडेला असतो. बोटं लागतात तीही तिथेच. अडकण्याआधी खूण मिळते. वेग एकदम खाली येतो, रायटर थांबून पुन्हा जोरात फिरतो, तसाच आवाज येत राहतो. तेव्हा पुन्हा पुन्हा कॉपी दाबू नका.

डिस्क बाहेर काढा, कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुवा आणि मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल पुसताना पडलेला ओरखडा माहितीच्या ओळीला समांतर जातो आणि लांबच्या लांब पट्टा वाचता येत नाही. आडव्या ओरखड्यातून रायटर सहसा निभावून नेतो. वाळल्यावर दुसऱ्या रायटरमध्ये लावून बघा. एकाला न दिसलेली डिस्क दुसरा वाचतो, हे इतकं सर्रास घडतं की मी तरी डिस्क मेली असं दोन रायटर पाहिल्याशिवाय म्हणत नाही.

तरीही अडली, तर लिनक्सवर `ddrescue` नावाचं मोफत साधन आहे. विंडोज एक तुकडा वाचता आला नाही की अख्खी फाइल सोडून देतं. हे साधन वाचतं तेवढं आधी उचलतं, खराब जागांची वही ठेवतं आणि मग फक्त त्याच जागांवर परत जातं. ती वही ठेवून तुम्ही रायटरही बदलू शकता, काम जिथे राहिलं तिथून पुढे चालतं. आपल्या तिसऱ्या डिस्कमध्ये शेवटी एखादा एमबी गेला असं धरा. डीव्हीडीच्या चित्राच्या हिशेबात ते दीड-दोन सेकंद होतात. व्हीएलसीमध्ये चित्र क्षणभर चौकोनी होईल आणि पुढे चालू लागेल.

एक सावधगिरी मात्र लिहून ठेवा. हँडीकॅमवर लिहिलेली छोटी डिस्क विंडोजमध्ये कोरी दिसू शकते आणि ती वापरायला तयार करू का, असं विचारलं जातं. नाही म्हणा. बऱ्याचदा ती कोरी नसते. चित्रीकरणानंतर कॅमेऱ्यात फायनलाइज करायची, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर वाचता येईल अशी पूर्ण करायची, राहिलेली असते. तो कॅमेरा अजून चालू असेल तर त्यातच ते करून घ्या. नसेल तर `IsoBuster` सारखं सॉफ्टवेअर अशी डिस्क आतून वाचू शकतं. या आठ सेंटिमीटरच्या डिस्क ट्रे बाहेर येणाऱ्या रायटरमध्येच, मधल्या छोट्या खळग्यात ठेवायच्या. फटीतून आत ओढणाऱ्या रायटरमध्ये त्या अडकून बसतात.

उतरवलेली फाइल सुरुवातीला, मध्ये आणि अगदी शेवटची पाच मिनिटं चालवून बघा. मग एक प्रत कॉम्प्युटरवर, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर. लग्नाची मूळ डिस्क टाकू नका, कडक डबीत उभी, अंधारात ठेवा. बाकीच्या ई-कचऱ्यात द्या. बँकेची कागदपत्रं असलेल्या सीडीचा वरचा थर आधी खिळ्याने खरवडून टाका. हाताने मोडायला जाल तर काचेसारखे तुकडे डोळ्यांकडे उडतात.

नमस्कार.